काळे कपटे, पडणारी ईएलसीबी आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली मोटर

वाचकाचं पत्र

दीड वर्षापूर्वी आम्ही ठाण्यात जुना फ्लॅट घेतला. मोठ्या बाथरूममध्ये जकुझी टब आयताच मिळाला. दिवाळीत पहिल्या अंघोळीला सगळ्यांनी तेल-उटणं लावून हौसेने वापरला. मग मुलांच्या परीक्षा आल्या, सोसायटीत टँकर सुरू झाले आणि टब बंद पडून राहिला. मोटरीला दमट हवा लागू नये म्हणून मी तिला प्लास्टिक गुंडाळलं आणि मोटरीपाशी उघडणारी टबाच्या बाजूची झडप सिलिकॉन भरून पक्की करून घेतली. जुलैत सासऱ्यांचे गुडघे धरले, म्हणून टब भरून सुरू केला तर जेटमधून काळे कपटे आणि कुबट वास. टॉयलेटसाठीचं अ‍ॅसिड टाकून टब घासला, लख्ख झाला, पण जेट सुरू केले की कपटे पुन्हा हजर. आता तर बटण दाबलं की घराची ईएलसीबीच पडते. इलेक्ट्रिशियन म्हणतो, ईएलसीबी बायपास करून देतो. प्लंबर म्हणतो, टब फोडून काढा. कुणाचं ऐकू?

– एक वाचक, ठाणे

उत्तर

ताई, दोघांपैकी कुणाचंच नको.

इलेक्ट्रिशियनचं तर मुळीच नको. ईएलसीबी पडते याचा अर्थ मोटरीतून थोडा करंट अर्थिंगकडे गळतोय. घरातली ईएलसीबी साधारण 30 मिलिअँपियरच्या गळतीला पडते. ती पडतेय म्हणजे तिचं काम चोख चाललंय. तिला वगळून टबाची वायर जोडली तर तोच गळका करंट भरलेल्या टबापर्यंत येण्याची वाट मोकळी होते, आणि टबात तुमचे सासरे असणार. या माणसाला पुन्हा घरी बोलावू नका. दुसरा इलेक्ट्रिशियन बघा आणि फोनवरच विचारा, "तुमच्याकडे मेगर आहे का?" नाही म्हणाला तर तिसरा बघा. हे मेगर प्रकरण काय आहे ते पुढे सांगते. तोपर्यंत टबाचा एमसीबी खाली पाडून ठेवा आणि त्यावर कागदाची चिठ्ठी चिकटवा, म्हणजे घरातलं कुणी उत्साहात वर करणार नाही.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे. मोटरीला प्लास्टिक गुंडाळलं आणि झडप सिलिकॉनने बंद केली. काळजीपोटी केलंत, पण मोटर बहुधा त्यानेच भिजली. टबाखालची पोकळी म्हणजे तीन बाजूंनी भिंत, वर टब, खाली कोबा. तिथे ओल येतेच, कुठून ते पाहूच. प्रश्न असतो ती बाहेर जाण्याचा. मोटर चालताना तापते, बंद केली की गार होते. भोवती प्लास्टिक असेल तर आतल्या हवेतली वाफ त्या गार लोखंडावर थेंब होऊन बसते आणि तिथेच राहते. पावसाळ्यात पोळ्यांचा डबा गरम असताना झाकला की झाकणाला पाणी सुटतं ना, तसंच. बहुतेक टबांच्या मोटरींना मागे पंखा आणि जाळीची भोकं असतात, हवा आत-बाहेर व्हावी म्हणून. तीच भोकं तुम्ही झाकलीत.

तशीच दुसरी समजूत. टब वापरला नाही म्हणजे तो जपला गेला, असं आपल्याला वाटतं. सोफ्याच्या बाबतीत खरं असेल. पण या टबात पाणी जातं कुठे आणि राहतं कुठे ते पाहा. टबाच्या तळाशी जाळी असते, पंप तिच्यातून पाणी ओढतो, भिंतीमागच्या नळ्यांतून फिरवतो आणि जेटमधून परत टबात फेकतो. तुम्ही बूच काढलं की टब रिकामा होतो, नळ्या पूर्ण रिकाम्या होतातच असं नाही. नळ्यांना जाळीकडे नीट उतार दिलेला असेल तर बरंचसं पाणी परत येतं. पण जिथे लवचीक नळी वापरली असेल तिथे ती झोळीसारखी लोंबते, आणि त्या झोळीत कप-दोन कप पाणी उरतंच. तुमच्या बाबतीत त्या पाण्यात तिळाचं तेल होतं, उटण्याचं पीठ होतं, साबण होता. दिवाळीपासून जुलैपर्यंत, अंधारात. जंतूंना यापेक्षा चांगला पाहुणचार काय मिळणार? ते नळीच्या आतल्या बाजूला बुळबुळीत थर धरून बसतात. पंप सुरू झाला की पाण्याच्या जोराने त्या थराचे तुकडे सुटतात. तेच तुमचे काळे कपटे. टब कितीही घासला तरी ते येत राहणार, कारण ते टबात नाहीतच.

जाता जाता एक गंमत सांगते. जकुझी हे अमेरिकेत गेलेल्या एका इटालियन कुटुंबाचं आडनाव. पंप बनवण्याचा त्यांचा धंदा. घरातल्या एका लहान मुलाला संधिवात होता, त्याच्यासाठी कँडिडो जकुझी यांनी पाण्यात बुडवून ठेवायचा सुटा पंप तयार केला, आणि 1956 साली तो बाजारात आला. साध्या टबात सोडायचा, काम झालं की उचलून ठेवायचा. नळ्या टबाच्या अंगातच बसवलेला टब त्याच घराण्यातल्या रॉय जकुझी यांनी 1968 मध्ये आणला. म्हणजे गुडघेदुखीचा उपाय आधी आला आणि लपलेल्या नळ्यांची डोकेदुखी बारा वर्षांनी. तुमचा प्रश्न त्या दुसऱ्या तारखेपासूनचा आहे!

आता कामाचं. क्रम महत्त्वाचा, कारण नळ्या धुवायच्या तर पंप चालायला हवा, आणि पंप चालवायचा तर मोटर आधी कोरडी आणि तपासलेली हवी. म्हणून सुरुवात झडपेपासून.

एमसीबी बंद आहे याची खात्री करून झडपेचं सिलिकॉन कटरने कापा, झडप काढा, प्लास्टिक पूर्ण उतरवा. काही करण्याआधी मोबाइलचा टॉर्च लावून नुसतं बघा. पंपाचे दोन भाग दिसतील. पुढचा पाण्याचा, प्लास्टिकचा गोल डबा, त्याला नळ्या जोडलेल्या. मागचा विजेचा, मोटर. या दोघांच्या मध्ये दांडा असतो आणि त्या दांड्यावर सील बसवलेलं असतं, दोन अगदी गुळगुळीत कड्या एकमेकींवर फिरतात आणि पाणी अडवतात. तिथून खाली पांढरा किंवा तांबूस ओघळ उतरलेला दिसला, दुधाचं पातेलं उतू गेल्यावर गॅसवर डाग राहतो तसा, तर सील गळतंय. हा ओघळ ओळखता आला तर निम्मं निदान झालं. मोटर भिजते तेव्हा लोक बाथरूमच्या हवेला दोष देतात. मी पाहिलेल्या टबांत मात्र पाणी बहुतेक वेळा पंपाच्याच सीलमधून मोटरीच्या बेअरिंगपर्यंत पोचलेलं असतं.

ओल नेमकी कुठून येतेय हे शोधायचा माझा एक घरगुती उपाय आहे, त्याला लागतात फक्त जुनी वर्तमानपत्रं. मोटर तपासून, दुरुस्त होऊन आल्यावर हा करा, आत्ता नको. टबाखालची फरशी पुसून कोरडी करा. पंपाखाली, नळ्यांच्या जोडांखाली आणि टबाच्या कडेखाली कोरडे कागद पसरा. आता जेटच्या वर चार बोटं पाणी येईल इतका टब भरा आणि पंप बंद ठेवून अर्धा तास थांबा. कागद इथेच ओला झाला तर एखादा जोड किंवा जेटची चकती गळतेय. पंपाच्या दोन बाजूंना मोठ्या प्लास्टिक नटांचे जोड असतात, त्यांना युनियन म्हणतात. ते हाताने घट्ट करायचे असतात. पाइप-पान्याने आवळले की आतलं रबरी कडं चेपतं आणि गळती वाढते. कागद कोरडा असेल तर पंप दहा मिनिटं चालवा. आता पंपाखालीच ओलं झालं तर सील. तेही कोरडं असेल तर टब रिकामा करा आणि हँड शॉवरने फक्त टबाच्या कडेवर, भिंतीला जिथे टब टेकतो तिथे पाच मिनिटं पाणी सोडा. कागद आता भिजला तर कडेचं जुनं सिलिकॉन फाटलंय आणि रोजच्या शॉवरचं पाणी तिथून आत उतरतंय. टब महिनोन् महिने बंद आणि तरी मोटर ओली, हे कोडं बहुतेक वेळा या तिसऱ्या फेरीत सुटतं. थोडक्यात, सिलिकॉन टबाच्या कडेला हवं होतं, तुम्ही ते झडपेला लावलंत.

आता मेगर. हे मीटर मोटरीच्या तारांवर 500 व्होल्टचा दाब देऊन तारांवरचं आवरण कितपत शाबूत आहे ते मोजतं. आकडा मेगओहममध्ये येतो. 1 मेगओहमच्या खाली असेल तर मोटर चालवायची नाही. इलेक्ट्रिशियनला दोन गोष्टी आठवणीने सांगा. मोजण्याआधी मोटरीची वायर टबाच्या कंट्रोल बॉक्सपासून सोडवायची, नाहीतर 500 व्होल्ट त्या बॉक्सातल्या इलेक्ट्रॉनिक सर्किटमध्ये जाऊन ते जळेल. आणि मोटरीवरचा कपॅसिटर आधी डिस्चार्ज करायचा, कारण वीज बंद असली तरी त्यात झटका शिल्लक असू शकतो. तुमच्या टबात पाणी गरम ठेवणारा हीटर किंवा बुडबुड्यांचा वेगळा ब्लोअर असेल तर तेही एकेक सुटं करून तपासायला लावा. ईएलसीबी पाडणारा चोर कधी कधी मोटर नसतो, हीटर असतो.

माझ्या आत्येबहिणीच्या लोणावळ्याच्या घरी दोन पावसाळ्यांपूर्वी असंच झालं होतं. मेगरने आकडा दाखवला 0.3. तिथल्या कारागिराने लगेच "वाइंडिंग गेलं, नवीन मोटर" असं जाहीर केलं. आम्ही मोटर युनियन सोडून बाहेर काढली, कोरड्या खोलीत स्टुलावर ठेवली आणि टेबल फॅन लावला. शिवाय वीतभर अंतरावर 60 वॉटचा जुना पिवळा बल्ब लावून ठेवला, अंगाला न टेकता. मोटर हाताला कोमट लागेल इतपतच ऊब. दोन दिवसांनी आकडा 18 आला. म्हणजे वाइंडिंग शाबूत होतं, नुसतं दमट झालं होतं. सील मात्र गेलंच होतं, ते बदललं, आणि ती मोटर आजही चालते. दोन-तीन दिवस वाळवूनही आकडा हलला नाही तर मात्र आवरण जळलेलं किंवा कुजलेलं असतं. मग रिवाइंडिंग करायचं की नवी घ्यायची, हा हिशेब. हेअर ड्रायर पूर्ण गरम करून मारू नका, उन्हातही टाकू नका. सावकाश वाळलं तरच आतलं वाळतं.

एक पोटप्रश्न मी तुमच्या वतीने विचारते. मोटर नुसती घूं-घूं करते आणि फिरत नाही, असं झालं तर? महिनोन् महिने पडून राहिलेल्या पंपात दांडा गंजून धरतो. वीज पूर्ण बंद करून मोटरीच्या मागच्या टोकाला बघा. बऱ्याच पंपांत तिथे दांड्याला स्क्रू-ड्रायव्हरची खाच असते. हलक्या हाताने फिरवून मोकळा होतो का पाहा. फिरतोय तरी चालू केल्यावर घूं-घूंच असेल तर कपॅसिटर बघायला सांगा. घूं-घूं करत असताना बटण दाबून धरू नका, त्या अर्ध्या मिनिटात वाइंडिंग तापून जातं.

मोटर कोरडी झाली, आकडा चांगला आला, सील आणि कड नीट झाली, की मग नळ्या धुवायच्या. इथे तुमच्या त्या अ‍ॅसिडबद्दल बोलायलाच हवं. टॉयलेटच्या बाटलीत हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं. ते जेटच्या चकाकत्या कड्यांचं क्रोम खातं. पण खरा धोका वेगळा आहे. आपण पुढे नळ्यांत हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घालणार आहोत. ही दोन एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो श्वास कोंडतो, दवाखाना गाठायला लावतो. व्हिनेगर, लिंबूसत्त्व यांच्याशीही हायपोचं असंच वाकडं आहे. म्हणून अ‍ॅसिडचा कण राहू नये यासाठी पहिली फेरी फक्त साध्या पाण्याची. टब भरा, पाच मिनिटं पंप चालवा, सोडून द्या. त्या दिवशी बाथरूममध्ये अ‍ॅसिडची बाटली ठेवूच नका.

दुसरी फेरी साबणाची. जेटच्या वर चार बोटं येईल इतकं गरम पाणी भरा. अंगाला सोसेल त्याहून थोडं गरम चालेल, उकळतं नको. गिझर 25 लिटरचा असेल तर टब भरेपर्यंत पाणी गार होईल हे खरं, जेवढं जमेल तेवढं गरम घ्या. त्यात डिशवॉशर मशीनची पावडर दोन मोठे चमचे, नळ्या तुमच्यासारख्या तुंबलेल्या असतील तर चार. मशीनचीच पावडर, कारण तिला फेस जवळजवळ येत नाही आणि ती तेल-तूप कापते. पहिल्यांदा हे करताना मी शहाणपणा केला आणि कपड्यांची पावडर टाकली. तीन मिनिटांत फेस टबाच्या काठावरून उतरून दाराखालून पॅसेजमध्ये आला. तो खाली बसवायला मला अर्धी संध्याकाळ लागली आणि वाया गेलेल्या पाण्याचा हिशेब मी अजून कुणाला सांगितलेला नाही.

टबावरचा हवेचा नॉब बंद करून पंप पंधरा मिनिटं चालवा. हवा बंद असली की नळ्यांत निव्वळ पाणी जोरात फिरतं आणि थर चांगला खरवडला जातो. मग पंप थांबवा, हवेचा नॉब उघडा, आणि भरलेला टब तसाच पंधरा मिनिटं राहू द्या. याचं कारण असं की पाण्याच्या नळ्यांबरोबर जेटकडे हवेच्याही बारीक नळ्या आलेल्या असतात आणि पंप चालू असताना त्यांत साबण पोचत नाही. पंप थांबला आणि नॉब उघडा असला की पाणी टबातल्या पातळीइतकं त्यांतही चढतं. काही टबांत मध्ये एकमार्गी झडप असते, तिथे ते चढणार नाही, पण मग तिथे घाणही फारशी गेलेली नसते. पुन्हा पाच मिनिटं पंप चालवा आणि सोडून द्या. या फेरीत बरंच काही बाहेर येईल. पाण्यावर राखाडी सायीसारखा तवंग, शेवाळासारखे तुकडे, कुबट वास. घाबरू नका, हेच बाहेर यायला हवं आहे. टबातले कपटे चहाच्या गाळणीने उचला, नाहीतर तेच जाळीतून परत आत जातील.

तिसरी फेरी हायपोची, आणि ती दुसरीनंतरच. थर तेलकट असताना हायपो वरवर काम करून संपतो, आतले जंतू मजेत राहतात. पाणी आता गार घ्या, गरम पाण्यात वास फार उडतो. साधारण 200 लिटरच्या टबाला अर्धा कप, 4-5 टक्के ताकदीचा. कोविडच्या काळात आणलेला कॅन मोरीखाली पडला असेल तर तो वापरू नका. हायपो ठेवून ठेवून विरतो, तुमच्या कॅनमध्ये आता बरंचसं खारट पाणीच असेल. खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, हातात रबरी मोजे. पंप दहा मिनिटं चालवा, दहा मिनिटं तसंच राहू द्या, सोडा. टबाच्या पुस्तिकेत ब्लीच वापरू नका असं लिहिलं असेल तर पुस्तिकेचं ऐका, काही टबांच्या रबरी कड्यांना ते सोसत नाही. तिथे साबणाचीच फेरी दोनदा करा.

शेवटी साध्या पाण्याची एक फेरी, दहा मिनिटं. हे पाणी बादलीने काढून फ्लशला वापरता येईल, झाडांना घालू नका. चारही फेऱ्या धरल्या तर आठशे लिटरच्या आसपास पाणी जातं. टँकरच्या दिवसांत हे जिवावर येतं, म्हणून हा सगळा सोहळा पावसाळ्यात, सोसायटीची टाकी भरलेली असताना उरकून घ्या. शेवटच्या फेरीतही कपटे आले तर दोन दिवसांनी साबण आणि हायपोची फेरी पुन्हा करा. एकाच वेळी हायपोचं प्रमाण दुप्पट करण्यापेक्षा दोनदा करणं चांगलं. तिसऱ्यांदाही कपटे येत असतील तर नळीत लोंबती झोळी आहे असं समजा. आता झडप उघडीच आहे, तर प्लंबरला तेवढा तुकडा उतार देऊन, खालून टेकू लावून बसवायला सांगा. टब फोडण्यापेक्षा हे काम त्याला द्या.

जेटची तोंडंही या निमित्ताने काढा. बहुतेक डावीकडे फिरवली की सुटतात. काढण्याआधी फोटो घ्या, प्रत्येकात एक बारीक रबरी कडं असतं ते मोरीत वाहून जायला टपलेलंच असतं. ठाण्यात बोअरचं पाणी येत असेल तर त्यांवर पांढरा खर चढलेला असेल. ही तोंडं टबाबाहेर, वाटीत, पाण्यात लिंबूसत्त्व घालून तासभर भिजवा, जुन्या टूथब्रशने घासा आणि खळखळून धुवा. हायपोच्या दिवशी हे करू नका. तळाची जाळी काढून केस काढा आणि परत घट्ट बसवा. जाळीशिवाय पंप कधीही चालवायचा नाही. लांब केस त्या ओढीत अडकले तर डोकं पाण्याखाली धरलं जाऊ शकतं. घरात मुलं आहेत, त्यांनाही हे सांगून ठेवा.

एक चूक मात्र फार लोक करतात आणि त्यांना ती हुशारी वाटते. टब रिकामा झाल्यावर "नळ्यांतलं उरलेलं पाणी उडवायला" पंप मिनिटभर कोरडाच चालवतात. सीलच्या त्या दोन गुळगुळीत कड्यांना पाणी हेच वंगण आणि पाणी हेच थंडावा. कोरड्या चालल्या की त्या बघता बघता तापतात, चरे पडतात, आणि तिथून गळती सुरू होते, जी पुढे मोटरीत जाते. म्हणजे नळ्या कोरड्या करायच्या नादात मोटर भिजवायची. पाणी जेटच्या वर असल्याशिवाय बटणाला हात नाही. टब रिकामा झाला की फक्त हवेचा नॉब उघडा ठेवा, बाथरूमचं दार उघडं ठेवा, बाकीचं काम हवा करते.

तीच हवा मोटरीलाही हवी. झडप पुन्हा बसवाल तेव्हा सिलिकॉन नाही, स्क्रू. म्हणजे मुलांना सहज उघडता येणार नाही आणि तुम्हाला स्क्रू-ड्रायव्हरने पाच मिनिटांत उघडता येईल. झडपेला तिरप्या पट्ट्यांची जाळी करून घ्या, शक्य असेल तर दोन ठिकाणी, एक खाली आणि एक दूरच्या टोकाला वर, म्हणजे हवा एकीकडून येऊन दुसरीकडून जाईल. शॉवरचा फवारा थेट जिथे लागतो तिथे जाळी नको. उघडण इतकं मोठं हवं की मोटर पूर्ण बाहेर निघेल. मोटरीच्या पायाखाली रबराची पट्टी द्या, म्हणजे फरशीवर पाणी आलं तरी लोखंड त्यात उभं राहणार नाही. पण हौसेने विटांवर चढवू नका. पंप टबातल्या पाण्याच्या पातळीपेक्षा खालीच राहायला हवा, तरच त्यात पाणी आपोआप भरतं. वरून थेंब पडण्याची भीती वाटत असेल तर मोटरीच्या वीतभर वर प्लास्टिकचा पत्रा तिरका बसवा, छपरासारखा. बाजू मोकळ्या. छत्री चालेल, रेनकोट नको.

आता प्लंबरच्या सल्ल्याकडे येते. टब ठेवावा का, हा प्रश्न त्याने चुकीच्या कारणाने काढला, पण प्रश्न अगदीच चूक नाही. मला तुम्हालाच विचारायचंय, वर्षातून किती वेळा वापरणार? महिन्यातून एकदा तरी वापर होत असेल, किंवा वापर नसला तरी महिन्यातून एकदा टब भरून दहा मिनिटं पंप चालवून सोडायची तयारी असेल, तर ठेवा. त्याने दांडा धरत नाही, सील सुकत नाही, आणि तीन महिन्यांतून एकदा साबण-हायपोची फेरी केली की कपटे येत नाहीत. तेवढं पाणी आणि तेवढी आठवण दोन्ही नसतील तर मोटर काढून घ्या, वायर बॉक्सपासून कायमची सोडवून टोकं बंद करा. पण मग "नुसता टब" म्हणून वापरताना एक लक्षात ठेवा. जेटच्या वर पाणी भरलं की ते पंप नसतानाही नळ्यांत शिरतं आणि कपट्यांची कथा पुन्हा सुरू होते. तेव्हा जेटच्या खालीच पाणी, किंवा जेटना बुचं. फोडून काढणं हा अगदी शेवटचा पर्याय. टब बसवल्यावर भोवतीचं वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स केलेल्या असतात, ते तुटलं की खालच्या मजल्याच्या छताला ओल येते आणि मग सोसायटीच्या सभेत तुमचा विषय.

सासऱ्यांबद्दल. गुडघ्यांना कोमट पाण्याचा आराम खरा आहे, पण हे जेट पाण्याचे बारीक तुषार हवेत उडवतात, आणि नळ्यांत वाढणारे काही जंतू त्या तुषारांबरोबर छातीत जाऊ शकतात. वयस्क माणसाला, मधुमेह किंवा दमा असलेल्याला त्याचा त्रास जास्त. अंगावर बारीक लाल पुरळ हेही घाणेरड्या नळ्यांचं एक लक्षण. म्हणून साध्या पाण्याच्या लागोपाठ दोन फेऱ्यांत एकही कपटा येत नाही तोवर त्यांना टबात बसवू नका. पायाला जखम असेल तर त्यानंतरही नाही. पाणी 40 अंशांच्या वर नको, आणि पहिल्या वेळी पंधरा मिनिटं पुरे. तोपर्यंत बादलीत पाय सोडून शेक घेऊ दे, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी.

आणि यंदाची पहिली अंघोळ. तेल-उटणं पाटावर बसून, मोरीत. अंग साबणाने स्वच्छ धुऊन झालं की मग टब. धनत्रयोदशीच्या आधी एकदा कागद पसरून बघा. ओल कुठून आली ते दिवाळीत शोधत बसायची वेळ नको. शिवाय त्या दिवसांत इलेक्ट्रिशियन मिळत नाही, मेगरवाला तर नाहीच.